नवी पाइपलाइन धुवायची कशी, टीसीएल किती, आणि ते पाणी सोडायचं कुठे

प्रश्न: आमच्या गावात १ लाख लिटरच्या जुन्या उंच टाकीपासून नव्या वस्तीपर्यंत २०० मिमी डीआय पाइपची १,८०० मीटर लाइन टाकून झाली, हायड्रो टेस्टही झाली. ठेकेदार म्हणतो, "टाकीत दोन पोती टीसीएल टाका, दोन तास थांबा, वॉशआउट उघडून ओढ्यात सोडा आणि नळ चालू करा." ओढा पुढे गावतळ्याला मिळतो आणि तळ्यात मत्स्यबीज सोडलेलं आहे. टीसीएल नक्की किती लागतं, किती वेळ ठेवायचं आणि ते पाणी टाकायचं कुठे? मी इथला ग्रामसेवक, ताबा घेतल्याची सही मलाच करायची आहे.

उत्तर:

ग्रामसेवक साहेब, सही थांबवून ठेवलीत ते बरं केलंत. आधी त्या दोन पोत्यांचा हिशोब करू. २५ किलोचं एक पोतं धरलं आणि पावडरीत २८ टक्के क्लोरीन धरला, तर टाकीत १४ किलो क्लोरीन जातो. १ लाख लिटरला तो १४० पीपीएम होतो, म्हणजे लिटरमागे १४० मिलिग्रॅम. लाइनीला हवा त्याच्या पाचपट. शिवाय टाकी जुनी आणि चालू आहे. तिच्यातून जुन्या गावठाणालाही पाणी जातं. एखादा व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर तेच पाणी लोकांच्या हंड्यात येणार. त्यामुळे टाकीत काहीही टाकायचं नाही. औषध फक्त नव्या लाइनीत, टाकीच्या आउटलेट व्हॉल्व्हच्या पुढे.

मात्र औषधाच्या आधी धुणं येतं, आणि बहुतेक ठिकाणी चूक तिथेच होते. चरात पाइप ठेवताना आत माती जाते, जेवायच्या सुट्टीत तोंडावर टोपी न लावलेल्या पाइपात बेडूक शिरतो, कधी बारदानाचा तुकडा राहतो. क्लोरीन पाण्यातल्या जंतूला मारतो. मातीच्या थराखाली बसलेल्या जंतूपर्यंत तो पोचत नाही, वाटेतच मातीतल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होतो. घाण लाइनीत जास्त औषध घातलं तर औषध वाया जातं, घाण जागेवरच राहते. आणखी एक गोष्ट ठेकेदाराला विचारून घ्या: हायड्रो टेस्टला पाणी कुठलं भरलं होतं? टँकरने ओढ्यातलं किंवा उघड्या विहिरीतलं भरलं असेल, तर लाइन आतून नुसती धुळकट नाही, दूषित आहे असं धरूनच चाला.

धुण्यात वेग महत्त्वाचा. वॉशआउट उघडून तासभर पाणी वाहू दिलं म्हणजे फ्लशिंग झालं, हा समज चुकीचा आहे. वाळू आणि खडी तळाशी लोळत पुढे जायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.९ मीटर वेग लागतो. २०० मिमी पाइपात एका मीटरला ३१.४ लिटर पाणी मावतं. म्हणजे हा वेग मिळवायला सेकंदाला सुमारे २८ लिटर सोडावे लागतात. वॉशआउट ५० मिमीचा असेल तर हे होणारच नाही. तेवढं पाणी त्या तोंडातून काढायला नुसत्या बाहेर पडण्याच्या वेगातच दहा मीटरहून जास्त दाब जातो, आणि तुमची टाकी फार तर १२ मीटर उंचीवर असेल. ८० मिमीचा वॉशआउट मात्र चालतो. लाइनीच्या घर्षणात त्या वेगाला किलोमीटरमागे चार मीटरच्या आसपास दाब जातो, तो तुमच्या टाकीला परवडेल. शेवटच्या टोकाला लहान वॉशआउट असेल तर एंड कॅप काढून तिथे तात्पुरता ८० मिमीचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या.

वेग मिळाला की नाही हे कळायला मीटर लागत नाही. टाकीतली पातळी पाहा. गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, आणि टाकीचा आतला व्यास समजा साडेसहा मीटर. सेकंदाला २८ लिटर जात असतील तर पातळी मिनिटाला पाच सेंटिमीटर उतरते. दहा मिनिटांत अर्धा मीटर उतरली तर वेग बरोबर आहे. वीत-दीड वीतच उतरली, तर तुम्ही लाइन धूत नाही, नुसती ओली करताय.

पाणी किती लागेल? पूर्ण लाइनीत ५६,५०० लिटर मावतात आणि निदान तीन वेळा तरी पाणी पालटावं लागतं. म्हणजे १ लाख ७० हजार लिटर. तुमची टाकी १ लाखाची आणि गावठाणालाही पाणी द्यायचं आहे, म्हणून दोन रात्रींत करा. मध्यावर, ९०० मीटरच्या आसपास, स्लुईस व्हॉल्व्ह आणि वॉशआउट असेल तर पहिल्या रात्री तो व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त वरचा अर्धा भाग धुवा. त्यात २८ हजार लिटर मावतात, ८५ हजारांत तीनदा पालटतात, पन्नास मिनिटांचं काम. दुसऱ्या रात्री मधला व्हॉल्व्ह उघडून पाणी शेवटच्या टोकाला काढा. वरचा भाग स्वच्छ झालेला असल्यामुळे भरलेली टाकी खालच्या अर्ध्याला पुरते. क्रम उलटा करू नका, नाहीतर वरची माती खालच्या धुतलेल्या भागात येऊन बसेल. धुताना एअर व्हॉल्व्ह चालू आहेत ना ते पाहा. आणि वॉशआउटच्या तोंडाशी दगडगोटे टाका, नाहीतर सेकंदाला २८ लिटरची धार शेजाऱ्याच्या बांधाला खड्डा पाडते आणि भांडण तुमच्या दारात येतं.

थांबायचं कधी? पांढऱ्या बादलीत पाणी धरा, पाच मिनिटं स्थिर ठेवा, तळाला रेती दिसता कामा नये. त्यानंतर टाकीजवळचा आणि शेवटचा नमुना गढूळपणासाठी तपासा. दोन्ही सारखे आणि १ एनटीयूच्या आत आले की धुणं झालं.

आता पावडर. टीसीएल ताजं असताना त्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या, तोंड उघड्या पोत्यात तो झपाट्याने उतरतो. पोत्यावरच्या आकड्यावर हिशोब करू नका. तालुक्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. घाई असेल तर अंदाज असा घ्या: १० ग्रॅम पावडर १० लिटर क्लोरीन नसलेल्या स्वच्छ बोअरच्या पाण्यात ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्यातले १० मिली काढून १ लिटर तशाच पाण्यात मिसळा आणि क्लोरीन किटवर बघा. जो आकडा येईल त्याला दहाने गुणा, ती टक्केवारी. २.८ आलं तर २८ टक्के. २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते पोतं परत करा.

मात्रा लाइनभर २५ पीपीएम ठेवायची आणि २४ तासांनी प्रत्येक ठिकाणी निदान १० पीपीएम शिल्लक राहिला पाहिजे. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या मानकातली ही पद्धत आहे आणि खेड्यातल्या मध्यम व्यासाच्या लाइनीला तीच सर्वांत सोयीची. १०० पीपीएम घालून तीन तास ठेवायचीही एक पद्धत आहे, पण ती मोठ्या व्यासाच्या लांब लाइनीसाठी. तिथे जास्त क्लोरीनच्या पाण्याचा एक पट्टा लाइनीतून सावकाश पुढे सरकवतात. ठेकेदाराच्या "दोन तासां"चं मूळ कदाचित तिथे असेल, पण तीन तासांचे दोन करायला काहीच आधार नाही.

मी टोकापर्यंत २५ पोचावा म्हणून सुरुवातीला ३० धरतो. ५६,५०० लिटरला ३० पीपीएम म्हणजे १.७ किलो क्लोरीन, आणि २८ टक्क्यांची पावडर असेल तर ६ किलो. वर एक किलो राखीव. दोन पोती नव्हे, सात किलो.

ही पावडर २०० लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात आदल्या संध्याकाळी भिजवा. पिंपात आधी पाणी, मग त्यात पावडर थोडी थोडी. उलटं करू नका. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, गॉगल, मास्क आणि रबरी हातमोजे घालून. रात्रभरात चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणीच वापरायचं. गाळ लाइनीत गेला तर तुम्ही नुकतीच धुतलेली लाइन स्वतःच्या हाताने परत गढूळ केलीत.

सोडायची रीत अशी. आउटलेट व्हॉल्व्हच्या पुढे दोन-तीन मीटरवर फेरूल मारून डोसिंग पंप जोडा. शेवटचा वॉशआउट इतकाच उघडा की २०० लिटरचं पिंप ४२ सेकंदांत भरेल. त्यात लाइनीतलं पाणी सेकंदाला १५ सेंटिमीटर सरकतं आणि डोक्यापासून टोकापर्यंत पोचायला तीन तास वीस मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं लागतात. पिंपात २०० लिटर द्रावण आहे, तेव्हा पंप मिनिटाला एक लिटरवर लावला की हिशोब जुळला. इतक्या सावकाश वेगाने हवेचे बुडबुडे उंच जागी अडकत नाहीत. अडकले तर तिथला पाइपाचा माथा कोरडा राहतो आणि औषध त्याला लागतच नाही. सुरुवातीचे अडीच तास टोकाला साधं पाणी येईल, ते शेतात जाऊ द्या. त्यानंतर मात्र ते पाणी खड्ड्यात वळवा (खड्ड्याचं पुढे सांगतो), आणि दर दहा मिनिटांनी किटवर पाहत राहा.

किटच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. एका योजनेवर आमचा माणूस टोकाला बसला होता, फोनवर सांगत होता, "साहेब, शून्य येतंय." आम्ही पावडर वाढवत गेलो. शेवटी मी तिथे गेलो तर वासानेच डोळ्यांत पाणी आलं. डीपीडीच्या गोळीचा गुलाबी रंग क्लोरीन फार झाला तर उडून जातो आणि नळी स्वच्छ दिसते. घरच्या नळासाठी बनवलेलं किट २५ पीपीएम थेट मोजू शकत नाही. १० मिली नमुना घेऊन क्लोरीन नसलेल्या पाण्याने १०० मिली करा, रंग पाहा, आकड्याला दहाने गुणा. टोकाला २.५ दिसलं की वॉशआउट बंद, पंप बंद, वेळ वहीत लिहा.

मग २४ तास हात लावायचा नाही. अपवाद एकच: मधले व्हॉल्व्ह या वेळात एकदा बंद-उघड करा, म्हणजे त्यांच्या गाळ्यातही औषध शिरेल. आणि औषध भरण्याच्या आधीच खात्री करा की जुन्या गावठाणाच्या लाइनीशी ही लाइन अजून जोडलेली नाही. बंद व्हॉल्व्हवर विसंबू नका. बहुतेक जुने स्लुईस व्हॉल्व्ह थोडे गळतातच. मध्ये पाइपाचा एक तुकडा काढून दोन्ही तोंडांना ब्लँक फ्लँज लावा.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला क्लोरीन मोजा. हे तीन आकडे तुम्हाला लाइनीची खरी हकिकत सांगतात. २२, २०, १८ असे आले तर उत्तम. एका लाइनीवर मला २१, १९ आणि ४ मिळाले होते. पाण्याची नाही तर पाइपाची काहीतरी गडबड, आणि तीही शेवटच्या भागात. धुतलं परत, औषध परत, पुन्हा टोकाला ५. मग गवंड्यांना चहा पाजून विचारल्यावर निघालं की रबर रिंगला लावायची साबणाची पेस्ट संपली होती आणि शेवटच्या दोन-अडीचशे मीटरला त्यांनी गोडेतेल लावलं होतं. तेल हे जंतूंचं खाद्यच, आणि क्लोरीनही तेच खातं. शेवटी गरम पाण्यात कपडे धुण्याचा सोडा घालून त्या भागात पिग, म्हणजे पाइप आतून घासत जाणारा फोमचा बोळा, तीनदा फिरवला, खळखळून धुतलं, तेव्हा आकडा १५ वर आला. आकडा १० च्या खाली गेला तर मात्रा वाढवू नका. परत धुवा आणि पहिल्यापासून करा.

आता ओढ्याचा प्रश्न. २४ तासांनंतर लाइनीत साधारण १८ पीपीएम धरला तर ५६,५०० लिटरमध्ये एक किलो क्लोरीन अजून शिल्लक आहे. केंद्राच्या पर्यावरण नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला क्लोरीनची मर्यादा १ पीपीएम आहे. पण मत्स्यबीजाला तीही पुष्कळ झाली. ०.१ पीपीएमच्या आतही मासा मरू शकतो. त्यामुळे तुमच्या ओढ्यात सोडायचं तर किटवर क्लोरीन पूर्ण शून्य होत नाही तोवर सोडायचं नाही.

माझी पहिली पसंती रिकाम्या शेततळ्याला. गावात कोणाचं कागद घातलेलं शेततळं उन्हाळ्यात कोरडं असेल तर त्याला विचारा. पाणी दोन-तीन दिवस उन्हात पडलं की क्लोरीन उडतो, मग ते पाणी शेतकऱ्याला वापरता येतं. "दोन-तीन दिवस" हा अंदाज आहे. ढगाळ हवेत आणि खोल तळ्यात जास्तही लागतात, तेव्हा दिवस मोजू नका, किट पाहा. तोवर गुरं जाणार नाहीत इतकं कुंपण हवं. शेततळं नसेल तर जेसीबीने ८ बाय ७ मीटर, सव्वा मीटर खोल खड्डा घ्या. त्यात सुमारे ७० हजार लिटर मावतात. लाइनीपेक्षा जास्त जागा मुद्दाम ठेवली आहे, कारण मागून येणाऱ्या साध्या पाण्यात मिसळून क्लोरीनची शेपटी लांबते. खड्डा विहिरीपासून लांब असू द्या. पडीक माळावर पसरायचं म्हटलं तर दहा गुंठ्यांवर साडेपाच सेंटिमीटर पाणी होतं. मुरमाड जमीन असेल तर जिरतं, काळ्या रानात साचून राहतं. उभ्या पिकात तर नकोच.

उन्हासाठी थांबायला वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणारे जुने लोक याला "हायपो" म्हणायचे. आणि इथेच एक धोका आहे, कारण आपल्याकडे सोडियम हायपोक्लोराइटलाही साइटवर "हायपो"च म्हणतात. एकदा आमच्या माणसाने दुकानात "पाच किलो हायपो" मागितलं आणि दुकानदाराने हायपोक्लोराइटचा कॅन दिला. क्लोरीन मारायला आणखी क्लोरीन. थायोसल्फेट पांढऱ्या खड्यांसारखं, कोरडं, बिनवासाचं असतं. पातळ आणि झोंबरा वास असलेलं काही आलं तर ते परत पाठवा. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून द्या.

प्रमाण पाण्याच्या सामूवर बदलतं, म्हणून मी एका किलो क्लोरीनला दोन ते तीन किलो जवळ ठेवतो, पण सगळं एकदम टाकत नाही. निम्मं विरघळवून खड्ड्यात टाका, बांबूने ढवळा, पंधरा मिनिटांनी मोजा, मग लागेल तसं वाढवा. जास्त झालं तर ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, म्हणजे माशांना परत त्रासच. किटवर शून्य आलं की सावकाश सोडा. इथे "शून्य" खात्रीचं हवं, म्हणून विरळ केलेला आणि न केलेला असे दोन्ही नमुने तपासा. रंग उडण्याची गोष्ट विसरू नका.

लाइनीतलं औषधी पाणी काढल्यावर टाकीचं नेहमीचं पाणी आत घ्या आणि टोकाचा क्लोरीन टाकीइतकाच होईपर्यंत सोडत राहा. मग जंतू तपासणीचे नमुने, सुरुवातीला एक, टोकाला एक आणि मध्ये दर चारशे मीटरच्या आत एक. आज एकदा आणि २४ तासांनी पुन्हा. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत तळाशी चिमूटभर पावडर असते, ती थायोसल्फेटच आहे. बाटली "स्वच्छ" करायला विसळू नका. विसळली तर नमुन्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाचं तोंड स्पिरिटने पुसून पेटवा, दोन मिनिटं धार सोडा, बाटली भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. टाकीचाही एक नमुना सोबत द्या, म्हणजे टोकाला दोष निघालाच तर तो लाइनीचा की मुळातल्या पाण्याचा ते कळेल. दोन्ही दिवशी १०० मिलीत कोलिफॉर्म एकही नको. गावात वापरतात ती काळी पडणारी एच-टू-एस बाटली नेहमीच्या देखरेखीला ठीक, ताब्याच्या सहीला पुरेशी नाही.

दोन्ही अहवाल हातात आले की शेवटची जोडणी करा. काढून ठेवलेला तो पाइपाचा तुकडा, फ्लँज, नवीन रिंग हे सगळं १ टक्का द्रावणाने आतून पुसून घ्यायचं. १० लिटर पाण्यात ३६० ग्रॅम पावडर, निवळलेलं. चरात पाणी साचलं असेल तर आधी उपसा. इतकं सगळं केलेल्या लाइनीत शेवटच्या दिवशी चरातलं गढूळ पाणी शिरलेलं मी दोनदा पाहिलंय. जोडणी झाल्यावर तिथून पुढचं पाणी अर्धा तास बाहेर काढा, टोकाला ०.२ पीपीएम क्लोरीन मिळतोय का बघा, आणि मग पहिला नळ उघडा.